अंगावर पाजते तोवर

"लेकरू अंगावर हाय, पाळी न्हाई, मग भ्या कशाचं?" माझ्या आजीने तिच्या सुईणपणाच्या काळात हे वाक्य शेकडो बायकांच्या तोंडून ऐकलं. तीही बरीच वर्षं मान डोलवायची. पुढे १९७३ साल आलं आणि त्यानंतर तिने मान डोलवणं सोडलं.

आजी आता सत्त्याऐंशीची आहे. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत तिने चाळीसेक वर्षं बाळंतपणं केली. रात्री-अपरात्री कंदील घेऊन कोणी दारात उभं राहिलं की ती डोईवरचा पदर सारखा करत निघायची. पुढे रस्ता झाला, गाडी यायला लागली, तिची नजर कमी झाली आणि बोलावणी थांबली. मी उपकेंद्रात नर्स आहे. परवा एक बाळंतीण माझ्याकडे आली होती. बाळ सात महिन्यांचं, पाळी नाही, आणि चेहऱ्यावर तीच खात्री. संध्याकाळी चिंचा फोडता फोडता आजीला मी हे सांगितलं. तिने हातातली चिंच खाली ठेवली आणि विचारलं, "रात्री पाजती का लेकराला? का बाटली लावलीया?"

तिचा हा प्रश्न अगदी नेमका होता. तो असा नेमका का होता, हे समजलं की गोळ्या, तांबी, ऑपरेशन यांच्या आधी बायका कशाच्या आधारावर दिवस काढत होत्या तेही समजतं. तो आधार कुठे तुटायचा, तेही दिसतं.

आजीच्या तरुणपणी वाडीत दोन मुलांमध्ये साधारण अडीच-तीन वर्षांचं अंतर असायचं. कोणी काही "वापरत" नव्हतं. पोरगं दोन-अडीच वर्षांचं होईपर्यंत आईच्या कुशीत झोपायचं आणि हवं तेव्हा प्यायचं. शेतात गेलं तर बांधावरच्या झोळीत, घरी असलं तर मांडीवर. पिण्याची वेळ ठरलेली नव्हती, मोजदाद नव्हती. आजी म्हणते, "रडलं की पदराखाली. निजलं की पदराखाली. ठेच लागली तरी पदराखाली." तिच्या अंदाजाने एखादं तान्हं दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा तरी प्यायचं आणि त्यातलं निम्मं रात्री.

बायकांची समजूत अशी होती की अंगातलं रक्त दुधाकडे जातं, म्हणून पाळी येत नाही, आणि पाळी नाही म्हणजे पोट राहत नाही. रक्त आणि दुधाचा हा हिशेब खरा नाही. पण त्यांनी जे पाहिलं होतं ते खरं होतं. बाळ स्तन ओढतं तेव्हा तिथल्या नसांमधून मेंदूला संदेश जातो. मेंदू त्याला दोन उत्तरं देतो. एक म्हणजे प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढवतो, त्याने दूध तयार होतं. दुसरं उत्तर आपल्या विषयाचं. एरवी मेंदू बीजकोशाला ठरावीक अंतराने ठोके देत असतो, "अंडं पिकव, अंडं पिकव" असे. बाळाच्या ओढण्याने या ठोक्यांचा ताल बिघडतो. ताल बिघडला की अंडं पिकत नाही. अंडं नाही, म्हणून गर्भ नाही. पाळीसुद्धा याच कारणाने येत नाही.

यातली कळ दुधात नसून ओढण्यात आहे. घरोघरी चूक व्हायची ती इथेच. छातीत भरपूर दूध आहे म्हणून बाई सुरक्षित आहे, असं नसतं. बाळ किती वेळा आणि किती कमी अंतराने ओढतं, यावर सगळं ठरतं. दोन वेळा पाजण्यात लांब खंड पडू लागला की मेंदूचे ठोके हळूहळू पुन्हा तालावर येतात. दूध येत राहतं, पण आत बीजकोश जागा झालेला असतो. आजीने रात्रीचं विचारलं ते यासाठी. दिवसभर पाजून रात्री आठ तास खंड पडला, तर तेवढा मोकळा वेळसुद्धा मेंदूला ताल धरायला मदत करतो.

आता १९७३ ची गोष्ट. आजी ती सहसा सांगत नाही, कारण त्या घराशी तिचं फार जवळचं होतं.

थोरल्या आळीतली एक सून १९७२ च्या आषाढी वारीच्या दिवसांत तिसऱ्यांदा बाळंत झाली. मुलगी झाली, बाळंतपण आजीनेच केलं, सगळं सरळ झालं. पाऊस मात्र त्या साली पडलाच नाही. बाजरी करपली, विहिरी आटल्या. मार्गशीर्षात घरातलं धान्य संपत आलं तेव्हा ती बाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागली. काम घरापासून कोस-दीड कोसावर. उन्हातान्हात एवढं लहान लेकरू कुठे न्यायचं म्हणून पाच महिन्यांच्या मुलीला सासूजवळ ठेवायची. सासू तिला पेज आणि शेळीचं दूध पाजायची. सकाळी अंधारात निघायच्या आधी एकदा, दिवेलागणीला आल्यावर एकदा आणि रात्री एक-दोनदा, एवढंच अंगावरचं पाजणं उरलं. दहा-बारा वेळांचं तीन-चार वेळांवर आलं. आणि दिवसा सलग नऊ-दहा तासांचा खंड.

पाळी आली नाही. म्हणून ती निश्चिंत होती. तिच्या आधीच्या दोन्ही मुलांच्या वेळी पाळी दीड वर्षाने आली होती. आता तर लेकरू जेमतेम सहा-साडेसहा महिन्यांचं. नवराही निश्चिंत होता.

वैशाखात तिने आजीला बोलावलं. "मावशी, पोटात काहीतरी हालतंया. वायू झालाय का बगा." आजीने तिला आडवं केलं, पोट चाचपलं. बेंबीच्या खाली गोळा हाताला लागला. वायू नव्हता. चार महिने होऊन गेले होते.

हे कसं झालं ते तारखांवरून नीट दिसतं. जुलैच्या मध्यावर बाळंतपण. डिसेंबरच्या मध्यापासून दिवसभराचा खंड. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, संक्रांत उलटून गेल्यावर, जानेवारीच्या अखेरीला पहिलं अंडं सुटलं असणार. बाळंतपणानंतर बऱ्याच महिन्यांनी पाळी परत येते तेव्हा बहुधा क्रम असा असतो: आधी अंडं सुटतं, आणि ते वाया गेलं तर साधारण दोन आठवड्यांनी रक्त दिसतं. म्हणजे पाळी ही अंडं येऊन गेल्याची खूण आहे, येण्याची नव्हे. या बाईचं पहिलंच अंडं वाया गेलं नाही. त्यामुळे रक्त दिसायचा प्रश्नच उरला नाही. तिच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं. पाळी आधीही नव्हती, नंतरही नव्हती. मळमळ आणि थकवा तिने उपाशीपोटी खडी फोडण्याच्या खात्यावर टाकला. मे महिन्याच्या शेवटी पोटात हालचाल जाणवली तेव्हा पहिल्यांदा कळलं. १९७३ च्या दिवाळीच्या तोंडावर मुलगा झाला. दोन लेकरांत पंधरा महिन्यांचं अंतर.

"खूण हुती," आजी म्हणते. "माजं ध्यान न्हाई गेलं. फाल्गुनापासनं ती पोरगी थान तोंडात घिऊन सोडून द्यायची. दूध कमी झालतं आनि चव फिरली हुती." पोट राहिल्यावर काही आठवड्यांत दूध आटू लागतं आणि चवीला किंचित खारट होतं, हे खरं आहे. एरवी हौसेने पिणारं बाळ अचानक तोंड फिरवू लागलं, तर आज मी आधी लघवीची तपासणी करून घेते. दहा मिनिटांत कळतं. आजीच्या हातात तेव्हा तपासणीची पट्टी नव्हती, फक्त तिचं ध्यान होतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगायला हवं, कारण जवळच्या बाळंतपणाचा पहिला फटका आधीच्या लेकराला बसतो. पोटुशीचं दूध वरच्या लेकराला बाधतं, अशी पक्की समजूत होती. म्हणून सासूने त्याच दिवशी तिला तोडलं. स्तनांना कडू लिंबाचा पाला वाटून लावला. समजूत चुकीची होती. पोटुशीचं दूध विषारी नसतं, फक्त कमी असतं. पण दहा महिन्यांच्या लेकराचं उरलंसुरलं दूध दुष्काळात एकदम तुटलं आणि हाताला पेजच राहिली. पोरगी वाळली, पाय सुजले, केस तांबूस झाले, हगवण लागली. आफ्रिकेत आजच्या घानामध्ये या आजाराला जे नाव आहे ते वैद्यकाने तसंच उचललं: क्वाशिओरकोर. तिथल्या गा भाषेत त्याचा संबंध दुसरं मूल आल्यावर बाजूला सारल्या गेलेल्या लेकराशी आहे. हे मी आजीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिकडं बी असंच का?" मुलगी वाचली. पण चालायला दोन वर्षांची झाल्यावर लागली.

अंगावर पाजण्याच्या जोडीला वाडीत दुसऱ्याही काही रीती होत्या. त्यांतल्या बऱ्याचशा म्हणजे दोघांना लांब ठेवण्याच्या युक्त्या. पहिली बाळंतपणं माहेरी व्हायची आणि पोर तीन-चार महिने तिथेच राहायची. परत आली तरी सासू तिचं अंथरूण आपल्याजवळ घालायची. घरात सून आली की सासूने स्वतःच्या अंथरुणाची जागा बदलायची, हा अलिखित नियम होता. सासू-सून एकाच वेळी पोटुशी राहणं ही मोठी लाजेची गोष्ट. चाळिशीतल्या बाईला यातून खरंच सुटका मिळायची, पण त्याचं ओझंही तिच्यावरच असायचं. नियम मोडला तर नाव तिचंच जायचं, नवऱ्याचं नाही.

दिवस मोजण्याची रीतही होती आणि ती बहुतेक उलटी होती. चार दिवस बाहेर बसायचं, मग डोक्यावरून पाणी घ्यायचं. न्हाल्यानंतर पोट "उघडं" असतं आणि पुढचे पाच-सहा दिवस जपायचं, एरवी भीती नाही, असं बायका मानायच्या. मनुस्मृतीत ऋतुकाळ सोळा रात्रींचा सांगितला आहे. वाडीपर्यंत येता येता त्याच्या पाच-सहा रात्री उरल्या होत्या. प्रत्यक्षात अंडं पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी सुटतं. अठ्ठावीस दिवसांनी पाळी येणाऱ्या बाईचं चौदाव्या दिवसाच्या सुमारास, पस्तीस दिवसांनी येणारीचं एकविसाव्याच्या सुमारास. अंडं जेमतेम एक दिवस टिकतं, पण पुरुषाचं बीज पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणून अंडं सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस जोखमीचे. वाडीतली बाई पाचव्यापासून दहाव्या-अकराव्या दिवसापर्यंत जपायची आणि मग नेमकी बाराव्या-तेराव्या दिवशी निर्धास्त व्हायची. यात तिचा काही दोष नव्हता. अंड्याचा हा हिशेब जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस या डॉक्टरांनी वेगवेगळा शोधला तोच मुळी १९२० च्या दशकात.

त्याच दशकात, १९२१ साली, रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. ते छापील मराठीत हे सगळं उघड बोलत होते, खटले सोसत होते. माणच्या माळावर यातला शब्दही पोचला नव्हता. आजीला अक्षरओळखच नव्हती. माझ्या मते मधल्या पन्नास वर्षांचं खरं दुःख हे आहे की माहिती आपल्याच भाषेत होती, आणि जिला ती हवी होती तिला वाचता येत नव्हतं.

आणि तरीही पोट राहिलं तर? इथे आजी आवाज खाली आणते, अजूनही. कच्ची पपई, काळे तीळ, जुना गूळ, काढे. "त्यानं जायचं न्हाई. आपसूक जायचं असंल तर जायचं आनि गुळाचं नाव व्हायचं." गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत बरेच गर्भ आपोआप पडतात, त्यामुळे कुठल्याही काढ्याला अधूनमधून यश मिळाल्यासारखं दिसतं. काढा हरला की काही बायका काडी घालणारीकडे जायच्या. आजीने ते काम कधी केलं नाही, पण नंतरचं निस्तरायला तिला बोलवायचे. ताप, घाण वास, फुगलेलं पोट, तिसऱ्या-चौथ्या दिवशी भ्रम. एकदा धनुर्वाताने एका बाईचा जबडा मिटलेला तिने पाहिला आहे. त्याहून जास्त ती सांगत नाही आणि मी विचारत नाही. त्या काळी गर्भ पाडणं बाईसाठीही गुन्हा होता. गर्भपाताचा कायदा १९७१ मध्ये झाला आणि त्यानंतर मान्य कारणांसाठी डॉक्टरकडे जाण्याची वाट खुली झाली, तीही ज्यांना ठाऊक होती त्यांच्यासाठी.

साठच्या दशकाच्या शेवटी तालुक्याच्या नर्सबाई वाडीत येऊ लागल्या. आधी लूप, नंतर तांबी. पुढे, त्या दुष्काळानंतर, आजीला दाईचं प्रशिक्षण मिळालं, पेटी मिळाली: साबण, दोरा, पातं. शिकवताना एका नर्सबाईने फळ्यावर खडूने गर्भपिशवी आणि दोन बीजकोश काढले आणि अंडं आधी, रक्त नंतर, हे बाण काढून दाखवलं. आजी सांगते की ती तिथेच रडायला लागली. बाकीच्या दायांना वाटलं तिला बरं वाटत नाही. तिला थोरल्या आळीतली पोरगी आठवत होती.

आता माझ्याकडचं. १९८८ मध्ये इटलीत बेल्लाजिओ इथे या विषयाचे अभ्यासक जमले आणि त्यांनी आजीच्या काळच्या बायकांचा अनुभव तीन अटींत बसवला. बाळ सहा महिन्यांच्या आतलं असलं पाहिजे. बाळंतपणानंतर पाळी आलेली नसली पाहिजे (पूर्ण अंगावर पाजणाऱ्या आईला पहिल्या आठ आठवड्यांत थोडंफार अंगावरून गेलं तर ते पाळीत धरत नाहीत). आणि बाळ पूर्णपणे किंवा जवळजवळ पूर्णपणे अंगावरच असलं पाहिजे, दिवसा चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून मोठा खंड न पडता. तिन्ही अटी पाळल्या तर सहा महिन्यांत शंभरांतल्या दोघींनाही दिवस जात नाहीत. हा आकडा गोळ्यांच्या जवळचा आहे. पण तिन्ही एकत्र लागतात, एक सुटली की त्या दिवसापासून दुसरं साधन हवं. सहा महिन्यांची मर्यादा अशासाठी की तिथून बाळाला वरचं खाणं सुरू होतं, ओढणं कमी होतं, आणि पाळीच्या आधीच अंडं सुटण्याची शक्यता वाढत जाते. सुरुवातीच्या महिन्यांत बहुधा आधी रक्त दिसतं, म्हणजे सावध व्हायला वाव मिळतो. पुढे तो वाव कमी कमी होत जातो.

थोरल्या आळीच्या सुनेला हे लावून पाहिलं. डिसेंबरात बाळ पाच महिन्यांचं होतं, पाळी नव्हती, पण तिसरी अट खडीवर जायला लागल्या दिवशी मोडली. जानेवारीच्या मध्यावर पहिलीही मोडली. तिला मोडलेल्या दोन अटी दिसणं शक्यच नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर फक्त मधली होती.

परवा आलेल्या बाईचंही तसंच होतं. सात महिन्यांचं बाळ, ती कंपनीत पॅकिंगला जाते, दिवसा बाळाला त्याची आजी वरचं दूध पाजते. मी आधी तिची तपासणी केली. दिवस गेलेले नव्हते. मग तिला पर्याय सांगितले. तांबी बाळंतपणानंतर ४८ तासांत किंवा सहा आठवड्यांनंतर कधीही बसते आणि दुधावर परिणाम होत नाही. तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन सहा आठवड्यांनंतर पाजणाऱ्या आईलाही चालतं. छाया गोळीत संप्रेरक नाही, ती पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि नंतर एकदा घ्यायची. माला-एनसारखी रोजची गोळी मात्र पाजत असताना पहिले सहा महिने टाळायची, कारण दूध कमी होऊ शकतं. निरोध कधीही चालतो. ती म्हणाली, घरी विचारून सांगते.

आजीने हे सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा चिंचा पुढे ओढल्या. "परत कधी येनार ती?"

"मंगळवारी. लसीला येईल बाळाच्या."

"मंगळवारपत्तुर निरोध दिलास का तिला?"

दिला होता. वीस दिले होते, पिशवीच्या तळाशी, लसीच्या कार्डाखाली ठेवून.